मॉरित्सहाउसमधला तो हात : चित्राचं काम सुंदर असणं आहे का?

रेघोटी

माझी शाळेपासूनची मैत्रीण नीला मागच्या महिन्यात मिरजेहून माझ्याकडे आली होती. ती हाताची सर्जन. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि आठ वर्षं नेदरलँड्समध्ये राहते. तिला परिषदेतून एकच दिवस मोकळा मिळाला, म्हणून तिला द हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये घेऊन गेले. संग्रहालय छोटं आहे, एका दुपारी नीट पाहून होतं. तिथे दोन चित्रांपुढे आमचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. आठवतो तसा लिहिते.

आधी तिला डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याच्या कुड्यावाली मुलगी दाखवली.

"एवढंसंच आहे गं!" नीला म्हणाली. सगळे असंच म्हणतात. उंची जेमतेम साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर, रुंदी त्याहून कमी.

"आता नाकाची कड शोध," मी म्हटलं. "नाकाचा उंचवटा आणि पलीकडचा गाल, दोघांच्या मध्ये रेघच नाही. एकच रंग सरकत गेलाय, तरी आपल्याला नाक दिसतं. आणि मोती बघ. वर एक पांढरा फटकारा, खाली कॉलरची पुसट परछाई. झाला मोती. कानात अडकवायला कडीसुद्धा काढलेली नाही."

"कोणाची मुलगी ही?"

"कोणाचीच नाही. असे चेहरे तेव्हा तिकडे 'ट्रोनी' म्हणून विकायचे. माणूस कोण याला महत्त्व नाही. चेहरा, फेटा, उजेड कसा पडलाय, एवढंच. म्हणून तर तुला आधी इथे आणलं. हे चित्र कोणाची आठवण म्हणून नाही, देवासाठी नाही, कसली बातमी सांगायला नाही. बघणाऱ्याला सुंदर वाटावं एवढंच त्याचं काम. कलेचं मूळ काम हेच, बाकीची कामं तिच्या अंगावर मागाहून पडली, असं मी मानते."

नीला बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मला सगळ्यात आवडला तो मागचा काळोख. त्यामुळे ती आत्ताच वळून बघतेय असं वाटतं."

इथे मला खरं सांगावंच लागलं. २०१८ मध्ये या चित्राची बारकाईनं तपासणी झाली. तो काळोख व्हर्मीरनं रंगवलेला नाही. मागे हिरवा पडदा होता, घड्या पडलेला. गडद थरावर पातळ, पारदर्शक हिरवा रंग, निळीत पिवळा मिसळून केलेला. दोन्ही रंग वनस्पतीचे. उजेडानं ते उडाले आणि खालचा काळोख उरला. डोळ्यांना बारीक पापण्या होत्या, त्याही आता नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

"म्हणजे मला जे सर्वात सुंदर वाटलं," नीला म्हणाली, "ते रंग उडाल्यामुळे झालंय. त्यानं केलेलंच नाही. मग हेतू कोणाचा म्हणायचा? तू त्याच्या हेतूबद्दल बोलतेयस आणि मला आवडलेल्या गोष्टीत त्याचा हेतूच नाही."

मी म्हटलं, चेहऱ्यावरचा उजेड त्याचाच आहे. ती म्हणाली, "असेल. पण दोन्ही सुंदर दिसतात आणि मला त्यातला फरक कळला नाही. तू सांगितलंस म्हणून कळला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दालनात रेम्ब्रांटचं डॉक्टर तुल्प यांच्या शरीरशास्त्राच्या धड्याचं चित्र आहे, १६३२ चं. नीलानं ते लहानपणापासून पुस्तकांत पाहिलेलं, पण समोर पहिल्यांदाच. आडवं, सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद. मधे प्रेत, भोवती काळ्या कपड्यांतले सात जण, उजवीकडे तुल्प, एकट्याच्या डोक्यावर हॅट. मी चेहरे बघत होते. नीला सरळ हाताकडे गेली.

"अगं, हा शिकवतोय!" ती म्हणाली. "बघ, चिमट्यात पकडलाय तो बोटं मिटवणारा वरचा स्नायू. सुपरफिशियालिस. आणि डाव्या हातानं काय करतोय? स्वतःची बोटं मधल्या पेरातून वाकवून दाखवतोय. हा ओढला की हे होतं. आम्ही विद्यार्थ्यांना अजून असंच दाखवतो. आणि खाली बोटांशी बघ, वरचा टेंडन दुभंगतो आणि खोलचा त्यातून पुढे जातो. किती जणांच्या हे लक्षात येत असेल?"

मी इतकी वर्षं या चित्राला नमस्कार घालून जाते. तुल्पचा डावा हात मी 'बोलताना केलेला हातवारा' समजत होते.

"आता सांग," ती म्हणाली, "हे सुंदर दिसावं म्हणून काढलंय?"

मी माझी बाजू मांडली. सर्जनांच्या गिल्डनं, म्हणजे त्यांच्या व्यवसायाच्या संघानं, हे चित्र मागवलं होतं. प्रत्येकानं आपापल्या चेहऱ्याचे पैसे दिले आणि ते त्यांच्या बैठकीच्या जागी लागायचं होतं. अशी चित्रं त्याआधीही होती. १६०३ मध्ये पुरं झालेल्या एका चित्रात अठ्ठावीस सर्जन ओळींनी उभे आहेत, शाळेच्या वर्गाचा फोटो असावा तसे. काम तेवढंच असतं तर रेम्ब्रांटनंही तेच केलं असतं. त्यानं माणसं एकमेकांवर झुकवली, त्यांचा एक डोंगर केला, उजेड प्रेतावर टाकला आणि तिथून तो चेहऱ्यांवर चढवला. पंचविशीचा मुलगा, अॅमस्टरडॅममध्ये नवा. गिऱ्हाइकानं हे मागितलं नव्हतं. जास्तीचं जे केलं ते सुंदर व्हावं म्हणूनच केलं ना?

नीला म्हणाली, "मी टेंडन शिवते तेव्हा टाका नाजूक घालते. गाठ मोठी झाली तर टेंडन आपल्या नळीतून सरकत नाही, अडकतो, चिकटतो आणि बोट कायमचं ताठ राहतं. नीट पडलेला टाका सुंदर दिसतो, मलाही दिसतो. पण मी तो सुंदर दिसावा म्हणून घालत नाही. त्यानं ती माणसं झुकवली, कारण झुकलेली माणसं शिकताहेत असं वाटतं. सुंदर दिसणं हा चांगल्या कामाचा वास आहे."

"पण तुझा टाका बेढब असून बोट हललं असतं तर तुला चाललं असतं," मी म्हटलं. "हे चित्र बेढब असतं तर चाललं असतं का?"

ती गप्प झाली. मग तिनं विचारलं, "पोट का नाही उघडलं?"

मला प्रश्न कळला नाही. तिनं सांगितलं की बर्फाच्या पेट्या नसताना प्रेत उघडायचं तर पोटापासूनच सुरुवात, कारण ते आधी कुजतं. हात सगळ्यात शेवटी. इथे पोट अखंड आणि हात सोललेला. "धडा असा होऊच शकत नाही. म्हणजे तुझंही थोडं खरं आहे. त्यानं काहीतरी रचलंय."

त्यावर मी तिला दुसऱ्या हाताबद्दल सांगितलं आणि खरा वाद तिथून पेटला.

प्रेत आरिस किंट नावाच्या माणसाचं आहे. जबरी चोरीसाठी त्याला त्याच वर्षी जानेवारीत फाशी दिलं. त्याचा उजवा हात आपल्या बाजूला, कमरेच्या कापडाशी पडलेला दिसतो, पाची बोटांसकट. पण क्ष-किरणांत दिसतं की रेम्ब्रांटनं आधी तो आखूड, मनगटाशी संपल्यासारखा रंगवला होता. आधीच्या एखाद्या चोरीच्या शिक्षेत तो तोडला गेला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. नंतर त्यावर पुरा हात रंगवला.

"म्हणजे सुंदर दिसावं म्हणून थोटा हात झाकला?"

"किंवा त्याला हात परत दिला," मी म्हटलं. "चित्रात सगळ्यात जास्त उजेड त्याच्यावर आहे, एका चोरावर."

"कोणाला परत दिला? तो तर गेला होता. उरला होता तो पुरावा. त्याच्यासोबत काय झालं याचा एकुलता पुरावा, आणि तो चित्रकारानं पुसला." नीलाचा आवाज चढला होता. "आमच्याकडे शरीरशास्त्राच्या पहिल्या तासाला देहदान केलेल्या माणसापुढे उभं राहून आम्ही मान लवतो. त्यानं स्वतःहून दिलेलं असतं. याला कोणी विचारलं होतं? आणि वर त्याला नीटनेटका केला, म्हणजे बैठकीत बसणाऱ्यांच्या डोळ्यांना खुपू नये. तुझं ते सौंदर्य इथे हेच काम करतंय."

मागे माणसं थांबली होती म्हणून आम्ही बाजूला झालो. बाकावर बसून मी तिला म्हटलं की थोटा हात ठेवला असता तर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकली असती, सोललेल्या हाताकडे गेलीच नसती. ती म्हणाली, "म्हणजे तूच कबूल करतेस. नजर कुठे जावी हे काम. सुंदर हे त्याचं हत्यार."

ती मिरजेला परतली. मी अजून माझ्या जागेवर आहे, पण पूर्वीइतकी खात्री नाही. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः त्या उजव्या हाताबद्दल.

तर्कवितर्क

लेख आवडला, पण प्रश्नच चुकीचा आहे. १६३२ मध्ये 'सुंदर' ही कल्पना कलेला चिकटलेलीच नव्हती. चित्रकार म्हणजे कारागीर, सुताराच्या रांगेतला. कलेचं काम सौंदर्य, हे अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञांनी ठरवलं. आपण आजचा चष्मा लावून रेम्ब्रांटचा हेतू शोधतोय. त्याला विचारलं असतं तर त्यानं गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं असतं.

केतकी_अॅमस्टेलव्हेन

रेघोटी, छान लिहिलं आहेस. आम्ही पुढच्या रविवारी तिकडे जाणारच आहोत. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. प्रेताचं चित्र त्याला दाखवावं का? मागे एका ठिकाणी सांगाडा पाहून तो दोन रात्री झोपला नव्हता. ते दालन टाळून जाता येतं का?

रेघोटी

केतकी, टाळता येतं, पण मी टाळलं नसतं. रक्त कुठेच नाही. आम्ही गेलो तेव्हा शाळेची मुलं त्याच्यापुढे जमिनीवर बसून हाताचं चित्र काढत होती. मुलाला आधी सांग की एक डॉक्टर हात कसा हलतो ते शिकवताहेत, आणि त्याला स्वतःची बोटं वाकवून बघू दे. कोपराच्या खाली आतल्या बाजूला दुसऱ्या हातानं धरलं की स्नायू हललेले कळतात. नीलानं मला तसंच दाखवलं. चेहरा अर्धा सावलीत आहे, तिथे मात्र तू त्याच्याजवळ उभी राहा.

तर्कवितर्क, सगळं गिऱ्हाइकासाठी असेल तर १६०३ चं आणि हे चित्र इतकं वेगळं का? दोघांचं गिऱ्हाइक एकच गिल्ड आहे.

पेणचा_मूर्तिकार

मला डच चित्रांतलं फार कळत नाही, माझं सांगतो. आमच्या कारखान्यात तिसऱ्या पिढीपासून शाडूच्या मूर्ती होतात. रंगकाम बरीच मुलं करतात, पण डोळ्यांची आखणी फक्त माझे काका करायचे, आता मी करतो. बुब्बुळ एक केसभर वर गेलं तर मूर्ती आढ्याकडे बघते. खाली आलं तर झोपाळू वाटते. नीट बसलं तर गणपती पाटासमोर बसलेल्या माणसाकडे बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काय सुंदर आहे हो!" त्याला सुंदर म्हणायचं नसतंच. त्याला म्हणायचं असतं की हा माझ्याकडे बघतोय. दुसरा शब्द सापडत नाही म्हणून तो सुंदर म्हणतो.

आणि ती मूर्ती दीड दिवसानं किंवा दहा दिवसांनी पाण्यात जाते. नुसती सुंदर दिसावी म्हणून घडवली असती तर विसर्जन करवलं नसतं. तरी सांगतो, कारखान्यात रात्री एकटा असताना ज्या मूर्तीचे डोळे नीट बसले तिच्यापुढे मी थोडा जास्त वेळ थांबतो. त्या थांबण्याचा पूजेशी संबंध नसतो. मग तुमच्या मैत्रिणीचं खरं की तुमचं, मला सांगता येत नाही.

जुना_कागद

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी तीस वर्षं कलेचा इतिहास शिकवला.

आधी तर्कवितर्क यांच्याबद्दल. सौंदर्याला कलेची वेगळी कसोटी म्हणून जी मांडणी झाली ती अठराव्या शतकातली, हे बरोबर. पण त्याआधी कल्पनाच नव्हती, हे नाही. जर्मन चित्रकार ड्यूररनं रेम्ब्रांटच्या शंभर वर्षं आधी सुंदर शरीराची मापं शोधण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घातली. तेव्हा विचार होता, नाव वेगळं होतं, आणि कारागिरीपासून तो तोडलेला नव्हता.

रेम्ब्रांटला विचारलं असतं तर काय म्हणाला असता, याचा एक धागा आपल्याकडे आहे. त्याची सात पत्रं उरली आहेत, सगळी राजपुत्राचा सचिव कॉन्स्टंटाइन हायगेन्स याला लिहिलेली, आणि गंमत अशी की हायगेन्सचं घर या मॉरित्सहाउसच्या शेजारीच होतं. १६३९ च्या जानेवारीतल्या पत्रात तो दोन चित्रांना उशीर का झाला ते सांगतो. म्हणतो की त्यांत मी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात नैसर्गिक 'बेवेखलिकहाइट' आणली आहे. शब्दाचा अर्थ हालचाल. ती शरीराची की मनाची, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वाटतं त्याला दोन्ही म्हणायचं होतं. पण बघा, आपण काय साधलं हे सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं 'सुंदर' हा शब्द घेतला नाही.

आता पोटाचा प्रश्न. नीलाताईंनी नेमकं पकडलंय. याच गिल्डसाठी रेम्ब्रांटनं १६५६ मध्ये दुसरं असं चित्र काढलं, डॉक्टर डेयमन यांचं. १७२३ मध्ये ते आगीत बरंचसं जळालं, मधला तुकडा अॅमस्टरडॅममध्ये आहे. त्यात प्रेत पायांकडून दिसतं, पोट उघडून रिकामं केलेलं आहे आणि डॉक्टर मेंदूवर काम करताहेत. म्हणजे खरा क्रम त्याला माहीत होता, आणि रंगवायला तो कचरतही नव्हता. १६३२ मध्ये पोट अखंड ठेवलं ते ठरवून.

पण ते सौंदर्यासाठी होतं असं मला वाटत नाही. वेसालिअस या शरीरशास्त्रज्ञाच्या १५४३ च्या ग्रंथात त्याचं स्वतःचं चित्र आहे, आणि त्यात तो सोललेला हात धरून उभा आहे. तो ग्रंथ म्हणजे सर्जनांची पोथी. तुल्पनं हात निवडला तो 'मी त्या घराण्यातला' हे सांगायला. आपल्याकडे गवयाच्या मागे गुरूची तसबीर असते, तसं. कोपऱ्यात प्रेताच्या पायांशी मोठं पुस्तक उघडं आहे ते बहुधा तेच असावं. आणि एक गोष्ट पुढच्या वेळी पाहा : त्या सात जणांपैकी हाताकडे सरळ कोण बघतंय? काही जण पुस्तकाकडे बघतात, काही आपल्याकडे.

तर्कवितर्क

ड्यूररचं मान्य. 'नव्हतीच' म्हणायला नको होतं. पण पत्राचा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. सुंदर हा त्याचा शब्द नाही.

अबोली

मला हे सगळं वाचताना आपला बीभत्स रस आठवला. भरतानं आठ रसांत त्याला बसवलंय आणि त्याच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. म्हणजे आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच ठरलंय की कलेला सुंदर विषय लागत नाही, किळसवाण्याचाही आस्वाद घेता येतो. मग वाद उरतो कुठे? तुल्पचं चित्र बीभत्स रसाचं आहे आणि आपल्याला त्यात आनंद मिळतो.

जुना_कागद

अबोली, विषय सुंदर लागत नाही इथपर्यंत तुमच्याबरोबर आहे. पण हे चित्र बीभत्साचं नाही. रस नाटकातल्या पात्रांच्या वागण्यातून उभा राहतो. इथे एकाच्याही चेहऱ्यावर किळस नाही, कोणी नाक दाबलेलं नाही. प्रेत स्वच्छ आहे, पोट बंद आहे, रक्त नाही. तुम्हाला रस लावायचाच असेल तर अद्भुत जास्त जवळचा. आणि बीभत्स ज्यामुळे आला असता ती एकच गोष्ट, तो थोटा हात, रेम्ब्रांटनं झाकून टाकली.

रेघोटी

जुना_कागद, तुमचा प्रतिसाद मी नीलाला वाचून दाखवला. वेसालिअसचं ऐकून ती खूश झाली, कारण सोललेला हात सुंदर दिसतो म्हणून निवडला हा माझा शेवटचा आधार तुम्ही काढून घेतलात. तिनं एक भर घातली. त्या सोललेल्या हातातले स्नायू कोपराच्या चुकीच्या बाजूनं निघाल्यासारखे दिसतात, असा आक्षेप जुना आहे. २००६ मध्ये इथल्याच ग्रोनिंगनमधल्या डॉक्टरांनी एका पुरुषाच्या मृतदेहाचा डावा हात तसाच सोलून चित्राशी ताडून पाहिला आणि त्यांना बरेच फरक सापडले. नीलाचं म्हणणं, काम शिकवण्याचं असतं तर ही चूक गिल्डनं खपवून घेतली नसती. मी म्हटलं, हे तू माझ्या बाजूनं बोलतेयस. ती म्हणाली, नाही, एवढंच ठरतं की काम शिकवण्याचं नव्हतं. 'आम्ही शिकलेले आहोत' हे दाखवण्याचं होतं, आणि त्याला अचूक हात लागत नाही, रुबाबदार हात लागतो.

मूर्तिकार, तुमचं "तो माझ्याकडे बघतोय" मी वहीत लिहून ठेवलंय. मोत्याच्या कुड्यावाल्या मुलीपुढे माणसं नेमकं तेच म्हणतात. ते चित्र १८८१ मध्ये द हेगच्या लिलावात दोन गिल्डर आणि तीस सेंटला गेलं. तुल्पचं चित्र १८२८ मध्ये राजानं बत्तीस हजार गिल्डरना विकत घेतलं होतं. तेव्हा ती मुलगी मळलेली होती, कोणाकडे बघताना दिसतच नव्हती असं म्हणायला हरकत नाही. धुतल्यावर बघायला लागली.

नांगरट

धागा मन लावून वाचतोय. मला हात झाकण्याचा मुद्दा सोडवत नाही. माझ्या वडिलांची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. ते गेल्यावर गावातल्या फोटोग्राफरनं मोठा फोटो करून दिला, आणि त्यात त्यानं न सांगता बोटं पुरी करून दिली. आईला तो फोटो फार आवडला. मला तो भिंतीवर बघवत नव्हता, कारण ते माझे वडील नव्हते. आईशी मी यावर कधी बोललो नाही. फोटोग्राफरनं चांगल्या मनानं केलं होतं, पैसेही जास्त घेतले नाहीत. तेव्हा नीलाताईंचा राग मला कळतो. पण माझ्या आईला तो फोटो सुंदर वाटला तेही खोटं नव्हतं.

अबोली

नांगरट, तुमच्या आईंना विचारायला हवं होतं की त्यांना बोटं पुरी दिसली म्हणून आवडला, की चेहरा चांगला आला म्हणून.

नांगरट

खरंय. आता विचारता येत नाही.

जुना_कागद

नांगरट यांच्या फोटोत आणि किंटच्या हातात एक फरक आहे. फोटो घरच्यांसाठी होता. किंटच्या घरचं कोणी त्या बैठकीत पाऊल टाकणार नव्हतं. चित्रात मागच्या एकाच्या हातात कागद आहे, त्यावर आज सर्जनांची नावं वाचता येतात. ती मागाहून कोणीतरी लिहिली. रेम्ब्रांटनं तिथे शरीरशास्त्राची आकृती काढली होती. म्हणजे नंतरच्या लोकांनी चित्राला हात लावला तो जिवंतांची नावं घालायला. ज्याच्यावर सगळा उजेड आहे त्याचं नाव कागदावर आलं नाही, ते आपल्याला दप्तरांतून कळतं.

तरी हात झाकण्याचं कारण गिल्डची नाराजी, की उजेडाची मांडणी, की दया, हे क्ष-किरणांत दिसत नाही. तिथे फक्त एक हात आणि त्यावर दुसरा हात दिसतो.

केतकी_अॅमस्टेलव्हेन

आम्ही जाऊन आलो! मुलगा घाबरला नाही. तुल्पसारखी बोटं वाकवत घरापर्यंत आला. त्यानं एक विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. तो म्हणाला, "त्या काकांचा एक हात तुटलाय आणि दुसरा छान आहे, मग ते छान हाताकडे का नाही बघत?" मी त्याला क्ष-किरणांचं काही सांगितलं नव्हतं.

रेघोटी

केतकी, हा प्रश्न मी जसाच्या तसा नीलाला पाठवलाय. ती आज शस्त्रक्रियेत आहे, रात्री फोन करेल. पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन परत जातेय. या वेळी फक्त तो उजवा हात काढणार आहे, आधी मनगटापर्यंत आणि मग पुरा, त्याच कागदावर. काढून झाला की इथे टाकते.